घाट उतरताना कानाला दडे का बसतात?

डॉक्टर, नमस्कार. आम्ही परळला एका टॉवरमध्ये 42व्या मजल्यावर राहतो. लिफ्टने रोज जाता-येता माझ्या कानाला दडे बसतात. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण गेल्या महिन्यात सर्दी असताना लिफ्ट खाली उतरली की उजवा कान चक्क दुखायचा. वर घरी गेले की बरं वाटायचं. मग दिवाळीत महाबळेश्वरला गेलो आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरमार्गे महाडला सासरी उतरलो. जाताना कुणालाच त्रास झाला नव्हता. उतरताना मात्र तीन वर्षांचा मुलगा, जो घाटभर गाढ झोपला होता, पोलादपूर जवळ आल्यावर कान धरून किंचाळत उठला. महाडला पोचल्यावर तासाभराने शांत झाला. सासूबाई म्हणतात, नसा नाजूक आहेत, कानात कोमट तेल घाला आणि प्रवासात कापूस ठेवा. यांचं म्हणणं, एसी बंद करून काचा उघड्या ठेवायला हव्या होत्या. नक्की काय होतं, आणि पुढच्या वेळी काय करू?
– एक आई, परळ

ताई,

नसांचा यात काही संबंध नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की निम्मं निदान त्यातच झालं: वर गेल्यावर बरं वाटायचं, खाली आल्यावर दुखायचं. मुलाचंही तेच झालं, चढताना काही नाही आणि उतरताना रडारड. कान चढणं सहज सोसतो, उतरणं त्याला जड जातं. असं का, हे एकदा कळलं की काय करायचं ते आपोआप सुचतं. म्हणून आधी थोडं कानाच्या आत जाऊ.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटीशी पोकळी असते. तिला आम्ही मध्यकर्ण म्हणतो. पडद्याची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. त्याच्या बाहेरच्या अंगाला जगाची हवा आणि आतल्या अंगाला या पोकळीतली हवा. दोन्हीकडचा दाब सारखा असेल तर पडदा मोकळेपणाने थरथरतो आणि आपल्याला नीट ऐकू येतं. दाबात फरक पडला की पडदा एका बाजूला ताणला जातो, ताणलेला पडदा नीट हलत नाही आणि आवाज दुरून आल्यासारखे घुमे वाटतात. यालाच आपण दडे बसणं म्हणतो.

ही पोकळी बाहेरच्या हवेशी एकाच वाटेने जोडलेली आहे. ती वाट म्हणजे युस्टेशियन नळी. मध्यकर्णातून निघून ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडात कोरलेला, त्यामुळे तो कायम उघडा असतो. घशाकडचा दोन तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा, आणि तो एरवी मिटलेला असतो. तो मिटलेला असणंच योग्य आहे. नाही तर आपलाच आवाज आणि श्वास आपल्याच कानात घुमत राहिला असता, शिवाय घशातले जंतू वर चढले असते ते वेगळंच. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक छोटा स्नायू या मऊ भागाची भिंत बाजूला ओढतो, नळी क्षणभर उघडते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि नळी परत मिटते. 'टक' असा आवाज येतो आणि दडे सुटतात ते याच क्षणी.

आता बाहेरच्या दाबाचं बघू. मी सगळे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये देतो, रक्तदाब ज्यात मोजतात त्याच मापात. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर असतो. वर जाताना सुरुवातीला दर 100 मीटरला तो साधारण 9 मिलिमीटरने कमी होतो. तुमचा 42वा मजला जमिनीपासून 130 मीटरच्या आसपास असेल, म्हणजे तळमजला आणि तुमचं घर यांच्यातला फरक 12 मिलिमीटरचा. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटर उंचीवर आणि पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीहून फार वर नाही. त्या दोन गावांच्या दाबातला फरक 100 मिलिमीटरच्या वर जातो. हे दोन आकडे, 12 आणि 100, लक्षात असू द्या. तुमचं सगळं पत्र या दोहोंत बसतं.

चढताना काय होतं? बाहेरचा दाब उतरत जातो आणि पडद्यामागे अडकलेली हवा फुगू बघते. आधी पडदा थोडा बाहेर फुगतो आणि कान भरल्यासारखे वाटतात. फरक 15 मिलिमीटरच्या आसपास गेला की आतली हवा त्या मऊ नळीला स्वतःच ढकलून बाहेर पडते. तुम्ही गिळलं नाहीत तरी हे घडतं. पुढे दर 11-12 मिलिमीटरला तेच पुन्हा. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना अगदी झोपलेल्या माणसाचेही कान आठ-दहा वेळा असे आपोआप मोकळे होतात. सर्दी झालेली असली तरी बहुतेकांचं निभावून जातं, कारण बाहेर पडणारी हवा आपली वाट आपणच काढते.

उतरताना सगळं उलटं. आता बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो आणि बाहेरच्या हवेला घशाकडून कानात शिरायचं असतं. पण घशाकडचं तोंड तर मऊ आणि मिटलेलं. बाहेरचा वाढलेला दाब ते उघडत नाही, उलट आणखी घट्ट दाबून धरतो. फुग्याच्या मानेचं असंच असतं: आतली हवा फुर्रकन निघून जाते, पण बाहेरून कितीही दाबलं तरी ती मान चपटीच होते. म्हणजे उतरताना नळी आपोआप उघडणार नाही. तिला स्नायूनेच उघडावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी गिळायला हवं.

वेळेवर गिळलं तर काहीच प्रश्न नाही. नाही गिळलं तर फरक साचत जातो. 60 मिलिमीटरच्या आसपास बहुतेकांना स्पष्ट दुखायला लागतं. 90च्या पुढे नळीचं तोंड इतकं घट्ट दाबलं जातं की तो बिचारा छोटा स्नायू ओढूनही ते सुटत नाही. विमानवैद्यकात याला नळीला कुलूप लागणं म्हणतात. तिथून पुढे कितीही आवंढे गिळा, दडे सुटत नाहीत.

आता तुमच्या मुलाचा प्रवास या आकड्यांवर ठेवून बघा. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण 40 किलोमीटर, वळणांचा रस्ता, गाडीला सव्वा तास लागला असं धरू. 100-110 मिलिमीटरचा फरक सव्वा तासात, म्हणजे मिनिटाला दीड मिलिमीटर. हा वेग अजिबात जास्त नाही. जागा माणूस लक्ष न देताही मिनिटाला एखादा आवंढा गिळतो, म्हणून तुम्हा दोघांना फारसं जाणवलंही नसेल. झोपेत मात्र गिळणं खूपच कमी होतं. लाळही कमी सुटते. त्यात तीन वर्षांच्या मुलाची नळी तुमच्यापेक्षा आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, तिला उघडणारा स्नायू अजून कच्चा असतो, आणि नळीच्या तोंडाशेजारी असणारी ॲडेनॉइडची गाठ याच वयात मोठी असते. चाळीसेक मिनिटं नळी नीट उघडलीच नाही, तर फरक दुखण्याच्या आकड्यापर्यंत येतो. तासाभराने कुलपापर्यंत. घाट संपत आल्यावर तो किंचाळत उठला ते म्हणून. सुरुवातीला उठला असता तर दुखणं कमी आणि उपाय सोपा झाला असता. पुढे महाडला तासाभराने शांत झाला, याचा अर्थ रडताना, पाणी पिताना, काही खाताना ती नळी अखेर सुटली. रडण्याचा निदान एवढा तरी उपयोग असतो.

तुमच्या लिफ्टचा हिशेब वेगळा आहे आणि मला तो जास्त रंजक वाटतो. 12 मिलिमीटर हा आकडा दुखण्याच्या जवळपासही नाही. सर्दी नसताना तुम्हाला फक्त भरल्यासारखं वाटतं, ते बरोबरच आहे. लिफ्टमध्ये जाणवतं ते वेगामुळे. सेकंदाला 3 मीटर वेगाची लिफ्ट मिनिटाला 180 मीटर उतरते. प्रवासी विमान खाली येताना आतल्या हवेचा दाब मुद्दाम हळूहळू वाढवतात, साधारण मिनिटाला 100 मीटर उतरल्याइतका. म्हणजे तुमच्या टॉवरची लिफ्ट कानाला विमानापेक्षा घाई करते, फक्त पाऊण मिनिटात तिचा प्रवास संपतो म्हणून सुटका होते. एवढ्या वेळात नेहमीच्या चालीने एखाद-दुसराच आवंढा गिळला जातो, तोही कधी गिळला जातच नाही, म्हणून तळमजल्यावर दार उघडतं तेव्हा दडे बसलेलेच असतात.

लिफ्ट बनवणाऱ्यांनाही चढणं आणि उतरणं यांतला हा फरक ठाऊक आहे. तैवानमधल्या 'तैपेई 101' इमारतीची वेगवान लिफ्ट वर जाताना मिनिटाला 1,010 मीटर धावते आणि खाली येताना मिनिटाला फक्त 600 मीटर. शिवाय तिच्या डब्यात हवेचा दाब सांभाळणारी यंत्रणा बसवलेली आहे. यंत्राला खाली यायला काही अडचण नसते, अडचण आत उभ्या असलेल्यांच्या कानांची असते.

मग सर्दीत तुम्हाला 12 मिलिमीटरनेच का दुखलं? कारण तुमची सुरुवात शून्यापासून नव्हती. मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा सतत थोडी थोडी शोषत असतं आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर ती भरून निघत असते. सर्दीत नळीचं अस्तर सुजतं, ती उघडेनाशी होते, पण शोषणं चालूच राहतं. दोन-तीन दिवसांत पोकळीतला दाब बाहेरच्यापेक्षा 10-15 मिलिमीटरने सहज कमी होतो आणि पडदा आधीच आत ओढलेला असतो. तो सुजलेलाही असतो. त्यावर लिफ्ट आणखी 12ची भर घालते. उलट तुम्ही वर घरी जाता तेव्हा बाहेरचाच दाब 12ने कमी होतो, ओढ हलकी होते आणि बरं वाटतं. म्हणूनच पत्रातलं ते वाक्य मला इतकं मोलाचं वाटलं. कान वर मोकळा आणि खाली बंद, असं कुणी सांगितलं की मध्यकर्णात हवा कमी पडते आहे, हे तपासण्याआधीच जवळजवळ कळतं. खात्री करायची तर टिंपॅनोमेट्री नावाची तपासणी आहे. कानात मऊ बुच बसवून मिनिटभरात पडद्यामागचा दाब मोजतात, दुखत नाही, तुमचा मुलगाही देऊ शकेल.

आता घरातल्या सल्ल्यांकडे वळू. कापसाने काही होत नाही. हवेचा दाब कापसातून आरपार जातो, आणि अडचण पडद्याच्या पलीकडे आहे. तेलही पडद्याच्या अलीकडेच राहतं, नळीपर्यंत पोचतच नाही. शेकल्यासारखं बरं वाटत असेल, पण पडद्याला न कळलेलं छिद्र असेल तर तेच तेल आत उतरून कान वाहायला लागतो. मुलाच्या कानात काहीही घालू नका, हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. काचांचंही तसंच आहे. मोटार हवाबंद नसते, काचा लावून एसी चालू असला तरी आतला दाब बाहेरच्याबरोबरच बदलतो. तुमच्या यजमानांनी घाटातली मोकळी हवा खायला काचा जरूर उघडाव्यात, कानांना फरक पडणार नाही.

पुढच्या वेळी पहिली गोष्ट म्हणजे मुलाला उतरताना झोपू देऊ नका. त्याच्या झोपेची वेळ चढणीत किंवा सपाटीवर येईल असं निघा. महाबळेश्वर सोडतानाच त्याच्या हातात नळी असलेली पाण्याची बाटली द्या आणि दर तीन-चार मिनिटांनी दोन घोट प्यायला लावा. तीन-चार मिनिटं म्हणजे 5-6 मिलिमीटर, एवढा फरक कोणतीही नळी सहज उघडते. दुखायला लागल्यावर पाणी देण्यापेक्षा हे फार सोपं असतं. घाटात हिशेब ठेवायचा कंटाळा आला तर मोठं वळण आलं की घोट, असा खेळ करा. वाटेत प्रतापगडाच्या फाट्याजवळ दहा मिनिटं थांबा, त्याला काहीतरी खाऊ द्या. अर्धा उतार तिथे झालेला असतो आणि साचलेलं तिथेच मोकळं होतं. लिमलेटच्या गोळ्या आणि च्युइंगगम तुम्ही दोघांनी घ्या. इतक्या लहान मुलाला चालत्या गाडीत कडक गोळी देऊ नका, वळणावर ती घशात अडकू शकते. कुणाकडे अंगावर पिणारं बाळ असेल तर गाडी बाजूला थांबवून पाजावं, चालत्या गाडीत मांडीवर घेऊन नाही.

मोठ्यांसाठी दोन युक्त्या आहेत. पहिली, नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा. ही निर्धोक आहे, चढताना-उतरताना दोन्ही वेळा चालते आणि लिफ्टमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही. तळमजल्याचं बटण दाबलं की एकदा, विसाव्याच्या आसपास एकदा आणि दार उघडण्याआधी एकदा करा. दुसरी सगळ्यांना माहीत असते: नाक आणि तोंड बंद करून कानात हवा ढकलायची. इटलीच्या व्हल्साल्व्हा नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1704 साली कानावरच्या आपल्या ग्रंथात ती वर्णन केली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. ती फक्त उतरताना करायची. चढताना आत आधीच हवा जास्त असते, त्यात आणखी कशाला भरायची? आणि अगदी हळू, सेकंद-दोन सेकंद, नाक शिंकरतो त्याहून कमी जोराने. हळू केल्याने नाही सुटलं तर जोर वाढवू नका. जोर केल्याने आतल्या कानाच्या नाजूक पडदीला इजा होऊन चक्कर आणि बहिरेपणा आलेले रुग्ण आम्हाला बघावे लागतात. नाक वाहत असताना तर ही युक्ती नकोच, नाकातला शेंबूड जंतूंसकट कानात ढकलला जातो.

सर्दी असताना घाट उतरणं टाळता आलं तर टाळा. नाही टाळता आलं तर मोठ्या माणसाने उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे नाकाचे थेंब घ्यावेत. नाकाचं आणि नळीच्या तोंडाचं अस्तर थोडं आकसतं. हे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले तर नाक उलट जास्त बंद होतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मुलाला स्वतःच्या मनाने कधीच घालू नका. सर्दीत रोजच्या लिफ्टला दुसरा उपाय आहे: विसाव्या मजल्यावर उतरा, दोन मिनिटं थांबून घोटभर पाणी प्या आणि दुसरी लिफ्ट पकडा. शेजारी चमत्कारिक नजरेने बघतील, बघू देत.

घाटात उतरताना एखाद्याचा कान खरोखरच कुलूप लागल्यासारखा बंद झाला, दुखणं वाढतंच आहे आणि गिळून काही होत नाही, तर सगळ्यांना सुचतं ते म्हणजे लवकर खाली पोचू. पण खाली प्रत्येक 100 मीटरला आणखी 9 मिलिमीटरची भर पडणार असते. अशा वेळी सुरक्षित जागा बघून गाडी वळवा आणि 200-300 मीटर उंची परत चढा. फरक 90च्या खाली आला की नळी पुन्हा स्नायूचं ऐकते. तिथे थांबून नाक धरून गिळा, कान सुटू द्या, आणि मग थांबत थांबत उतरा. वैमानिकही विमान परत थोडं वर नेऊनच ही सोडवणूक करतात. पेट्रोल थोडं जळेल, पण पडद्यात रक्त उतरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

खाली आल्यावर दडा तासाभरात सुटला तर विषय संपला. कधी कधी मध्यकर्णात फार वेळ ओढ राहिली की अस्तरातून पाणी पाझरतं आणि कान काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे जड राहतो. बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो, पण दुखणं दिवसभर टिकलं, ताप आला, कानातून पाणी किंवा रक्त आलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आणि एक प्रसंग असा आहे की त्यात एक दिवसही थांबायचं नाही: एका कानाने अचानक ऐकू येईनासं होणं, सोबत चक्कर किंवा कानात सतत शिट्टी वाजणं. 'घाटामुळे दडा बसला असेल' म्हणून लोक आठवडाभर घरी बसतात आणि आतल्या कानाच्या बहिरेपणावर उपचार करायची वेळ निघून जाते. घरी एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून 'हूं' असा सलग आवाज काढा. तो बंद कानातच जास्त मोठा घुमला तर अडचण बहुधा पडद्याच्या किंवा नळीच्या बाजूची आहे. बंद कान सोडून चांगल्या कानात मोठा वाटला तर अडचण आतल्या कानाची असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही, पण कधी धावत जायचं एवढं ती सांगते.

तुमची सर्दी आता गेली असेल आणि लिफ्टमध्ये फक्त दडे बसून सुटत असतील तर तुम्हाला तपासणीची गरज नाही. सर्दी जाऊन महिना झाला तरी तळमजल्यावर उजवा कान बंदच राहतो आणि वर सुटतो, असं होत असेल तर टिंपॅनोमेट्री करून घ्या. मुलाचं मात्र मी एकदा बघावं म्हणेन. रात्री तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, टीव्हीचा आवाज वाढवतो का किंवा हाक मारल्यावर दोनदा 'काय?' विचारतो का, एवढं आठवडाभर लक्ष देऊन टिपून ठेवा. यातलं काही असेल तर ॲडेनॉइड वाढलेली असू शकते किंवा पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं, आणि मग घाटाचा त्रास हे फक्त वरवर दिसलेलं लक्षण ठरतं. डॉक्टरकडे जाताना ती टिपणं सोबत न्या.